दोन झडपांच्या दाराचा टॉवर बोल्ट भोकात बसत नाही: पटाशी उचलण्याआधी काय तपासायचं

गोव्यात जून लागला की जुन्या-नव्या घरांतून एकच तक्रार येऊ लागते आणि चतुर्थीच्या साफसफाईपर्यंत ती वाढत जाते. दोन झडपांचं लाकडी दार नीट बंद होत नाही. वरचा टॉवर बोल्ट चौकटीतल्या भोकावर आपटतो, मधली कडी कोयंड्यात जात नाही, गेली तर दार खडखडतं. पेडण्यापासून फोंड्यापर्यंत असली दारं मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे. बहुतेक ठिकाणी माझ्याआधी कोणीतरी पटाशी घेऊन चौकटीतलं भोक मोठं केलेलं असतं. बोल्ट त्या दिवशी बसतो, पण दार पुन्हा कधी घट्ट बसत नाही. म्हणून भोकाला हात लावण्याआधी काय काय बघायचं ते इथे क्रमाने लिहितो.

दोन शब्द ठरवून घेऊ. जी झडप वर-खाली टॉवर बोल्ट लावून बंदच ठेवली जाते ती स्थिर झडप. येण्याजाण्यासाठी रोज उघडते ती चालती झडप. मधली आडवी कडी चालत्या झडपेवर असते आणि तिचा कोयंडा स्थिर झडपेवर. म्हणजे कडीचा सगळा भार स्थिर झडपेवर आहे. स्थिर झडप हलत असेल तर कडी कितीही महागाची बसवा, दार हलणारच. त्यामुळे तक्रार कडीची असली तरी तपासणी नेहमी स्थिर झडपेपासून सुरू करायची. कडी सगळ्यात शेवटी.

लक्षणं

आधी दार बंद करून आतल्या बाजूने नीट बघा. वरचा बोल्ट अडतो पण खालचा सहज जातो का? की वरचा आणि खालचा दोन्ही अडतात? दोन झडपा मध्ये एकमेकींना घासतात का, आणि घासतात तर वरच्या अर्ध्यात की पूर्ण उंचीभर? बोल्ट आत जातो, पण झडपेला तळहाताने ढकललं की ती आत-बाहेर डुगडुगते का? उंबरठ्यावर किंवा लादीवर अर्धगोल ओरखडा उमटलाय का? कडी लावताना चालती झडप गुडघ्याने दाबावी लागते, की हाताने वर उचलावी लागते?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या रोज दार लावणाऱ्या माणसाला विचारा. हाताला सवय झालेली असते, त्यामुळे ते सांगायचं राहून जातं. दाबावं लागणं आणि उचलावं लागणं हे दोन वेगळे दोष आहेत.

पहिली तपासणी: भोक स्वच्छ आहे का

हिला पैसा लागत नाही आणि कितीतरी दारं इथेच सुटतात. उंबरठ्यातल्या किंवा जमिनीतल्या भोकात चिऱ्याची लाल माती, वाळू, फरशी पुसल्याचं पाणी साचून घट्ट गोळा बसतो. बोल्टचा दांडा वरवर टेकतो, पूर्ण उतरत नाही. सायकलची जुनी तार किंवा पातळ स्क्रू ड्रायव्हर घेऊन भोक तळापर्यंत कोरून काढा. वरच्या भोकात कुंभारीण माशीचं मातीचं घरटं असतं. बाहेरून ते चौकटीच्याच रंगाचं दिसतं, त्यामुळे बोट घालून बघावं लागतं. चौकटीच्या ज्या खाचेत झडप येऊन टेकते तिथेही बघा. दर दोन-तीन वर्षांनी ऑइल पेंटचा हात मारलेल्या दारांत त्या खाचेत रंगाचे थर जमतात, आणि झडप दोन मि.मी. अलीकडेच थांबते.

दांडा किती आत जातो तेही मोजून घ्या. निदान 12 ते 15 मि.मी. तरी चौकटीत गेला पाहिजे. त्याहून कमी गेला तर दाराला खांदा लावताच चौकटीची कड फुटू शकते.

दुसरी तपासणी: कुंकवाचा ठिपका

बोल्ट कुठे अडतो हे डोळ्यांनी कळत नाही. दांड्याच्या टोकाला थोडं ओलं कुंकू लावा, झडप जागेवर दाबून धरा आणि बोल्ट वर सरकवून टेकवा. खडू किंवा लिपस्टिकही चालते. चौकटीवर ठिपका उमटेल. तसंच खाली करा. आता भोकाचा मध्य आणि ठिपक्याचा मध्य यांतलं अंतर मोजा आणि ते कुठल्या दिशेला आहे ते लिहून ठेवा. या सगळ्या लेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, कारण दिशेवरून दोष ओळखता येतो.

वरचा ठिपका दाराच्या मध्याकडे सरकलाय आणि खालचा बरोबर भोकात आहे, तर वरची बिजागरी सुटली आहे. झडप खालच्या बिजागरीभोवती किंचित फिरते, त्यामुळे वरचं टोक मध्याकडे झुकतं आणि खालचं जवळपास जागेवरच राहतं.

वरचा आणि खालचा असे दोन्ही ठिपके साधारण सारखेच मध्याकडे सरकलेत, तर लाकूड फुगलं आहे. लाकूड पाणी पिऊन रुंदीला वाढतं, लांबीला जवळजवळ वाढत नाही. म्हणून पावसाळ्यात झडप उंच होत नाही, रुंद होते. झडपेची एक बाजू बिजागरीने धरलेली असल्याने सगळी वाढ मध्याकडेच येते. चौकट करून मध्ये फळ्या भरलेल्या दारात ही वाढ थोडी असते, एक-दोन मि.मी. नुसत्या रुंद फळ्या शेजारी शेजारी जोडून केलेल्या जुन्या दारात ती चार-पाच मि.मी.पर्यंत जाते.

ठिपका आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला सरकलाय, म्हणजे झडप खाचेत पूर्ण टेकत नाही. एकतर खाचेत काहीतरी आहे, नाहीतर झडप पिळली आहे. चारी कोपरे एकेक करून दाबा. एकच कोपरा स्प्रिंगसारखा परत येत असेल तर पीळ आहे.

तिसरी तपासणी: बिजागरीचे स्क्रू

स्थिर झडपेचे दोन्ही बोल्ट काढा, झडप अर्धी उघडा आणि मधल्या बाजूने तिला दोन्ही हातांनी हलकेच वर उचला. दुसऱ्या कोणाला तरी वरच्या बिजागरीकडे बघायला सांगा. बिजागरीची पाती लाकडापासून सुटताना दिसली की स्क्रूंनी पकड सोडली. पाती जागेवर आहे पण पिनेपाशी हालचाल आहे, तर बिजागरीच झिजली आहे आणि ती बदलायची.

स्क्रू नुसते आवळून बघा, पण फिरतच राहत असतील तर थांबा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू आतल्या आत गंजतो. गंज भोवतालचं लाकूडही काळं आणि भुसभुशीत करतो. अशा भोकात जाडा स्क्रू घातला तर तो एखादा पावसाळा टिकतो. माचिसच्या काड्या भरणं ही संध्याकाळपुरती सोय झाली. पक्कं काम असं: स्क्रू काढा, त्या जागी 10 मि.मी.चं भोक पाडून काळं लाकूड काढून टाका. सागवान, किंदळ किंवा माटीसारख्या कठीण, सुक्या लाकडाची गोल खुंटी गोंद लावून ठोकून बसवा आणि एक दिवस वाळू द्या. मग नव्या लाकडात 3 मि.मी.चं भोक पाडून 8 नंबरचा, 50 मि.मी. लांबीचा स्क्रू चौकटीच्या बाजूला पिळा. झडपेच्या बाजूला लांबी झडपेच्या जाडीवर ठरते. 35 मि.मी. जाडीच्या झडपेच्या सपाट तोंडावर बिजागरी बसवलेली असेल तर 30 मि.मी.हून लांब स्क्रू नको, दुसरीकडून टोक बाहेर येईल.

स्क्रू कुठल्या धातूचा घ्यायचा तेही सांगतो. पितळी बोल्टला आणि पितळी बिजागरीला पितळी स्क्रू. लोखंडी स्क्रू पितळेला लागून ओलाव्यात राहिला तर तो एकट्याने असतो त्यापेक्षा लवकर गंजतो. पितळी स्क्रूचं डोकं मात्र कठीण लाकडात पटकन तुटतं. म्हणून त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू आधी पूर्ण आत पिळून बाहेर काढायचा, मग पितळीला थोडं मेण किंवा साबण लावून त्याच आट्यांत बसवायचा.

एक दार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

डिचोली तालुक्यातल्या एका चिऱ्याच्या घरातलं पुढचं दार सांगतो. किंदळाची चौकट, सात फूट उंची, दोन-दोन फुटांच्या झडपा. घरातल्या काकी म्हणाल्या, "भाऊ, कडी बदलून द्या, ही लागतच नाही. मला रोज दार उचलून लावावं लागतं." उचलून, हे ऐकल्यावर कडीकडे न जाता मी स्थिर झडपेला ठिपका लावला. खालचा बोल्ट बरोबर उतरत होता. वरचा ठिपका भोकाच्या मूळ मध्यापासून चार मि.मी. मध्याकडे पडला. मूळ मध्य म्हणायचं कारण, ते भोक कोणीतरी पटाशीने चहूबाजूंनी वाढवून अंगठा जाईल एवढं केलं होतं. बोल्ट आत जात होता, पण झडप आत-बाहेर डुगडुगत होती.

वरच्या बिजागरीच्या मागे साडेतीन मि.मी.ची फट होती. हिशेब जुळतो का ते बघा. दोन बिजागऱ्यांमध्ये सुमारे 1,730 मि.मी. अंतर होतं आणि वरची बिजागरी झडपेच्या टोकापासून 200 मि.मी. खाली. बिजागरीपाशी साडेतीन मि.मी. सुटलं तर झडपेच्या टोकाला ते चार मि.मी. होतं. त्याच वेळी झडपेची मधली कड एक मि.मी.हून थोडी जास्त खाली बसते. कोयंडा त्याच कडेवर आहे, म्हणून तोही तेवढाच खाली गेला. चालत्या झडपेची वरची बिजागरी त्याहूनही जास्त सुटलेली होती, त्यामुळे ती झडप उचलल्याशिवाय कडी समोर येत नव्हती.

दोन्ही वरच्या बिजागऱ्यांचे चौकटीतले स्क्रू गंजून अर्धे झाले होते. खुंट्या भरल्या, दुसऱ्या दिवशी झडपांखाली पाचर ठेवून त्या मूळ उंचीला आणल्या आणि नवे स्क्रू पिळले. ठिपका आपोआप मूळ मध्यावर आला. राहिलं ते वाढवलेलं भोक. त्यात लाकडाचा तुकडा गोंद लावून भरला, सपाट केला आणि त्यावर तीन मि.मी. जाडीची पितळी पट्टी चार स्क्रूंनी बसवली. दांडा 10 मि.मी.चा होता, पट्टीत भोक पाडलं ते पुढच्या परिच्छेदात सांगतो त्या मापाचं. कडी बदलावी लागलीच नाही. कोयंड्याचे स्क्रू सैल करून तो एक मि.मी. सरकवला, एवढंच.

बोल्ट नव्याने बसवायचा असेल तर

भोक कुठल्या दिशेला सैल ठेवायचं आणि कुठल्या दिशेला घट्ट, हे गोव्यासारख्या दमट हवेत फार महत्त्वाचं आहे. झडपेला डावी-उजवीकडे बिजागऱ्या धरून ठेवतात. बोल्टचं काम तिला आत-बाहेर हलू न देणं एवढंच. म्हणून आत-बाहेरच्या दिशेने भोक दांड्यापेक्षा अर्धा मि.मी.च मोठं ठेवा. डावी-उजवीकडे मात्र ते लांबट करा, दोन-तीन मि.मी. जास्त, कारण पावसात झडप त्याच दिशेने सरकणार आहे. 10 मि.मी. दांड्यासाठी साडेदहा बाय 13 मि.मी.चं लांबट भोक. असं केलं की मे महिन्यात दार खडखडत नाही आणि जुलैत बोल्ट अडत नाही. कोरड्या दिवसांत बसवत असाल तर जास्तीची जागा मध्याकडे सोडा.

वरचा बोल्ट 12 इंची घ्या, म्हणजे मूठ हाताला लागते. सात फुटी दाराला 6 इंची बोल्ट लावला की घरातल्या बुटक्या माणसाला रोज स्टूल लागतं आणि मग तो बोल्ट लावलाच जात नाही. खाली 8 इंची पुरतो. बोल्ट झडपेच्या मधल्या कडेपासून इतका आत ठेवा की स्क्रू लाकडाच्या कडेपासून 15 मि.मी. तरी लांब राहतील. त्याहून कडेला गेलात तर कठीण लाकूड चिरतं.

आधी बोल्टच्या पट्टीचे चारच स्क्रू लावा, दोन वर आणि दोन खाली. दांडा सरकवून बघा. तो मधल्या कड्यांमध्ये कुठेही घासत नसेल तेव्हाच बाकीचे पिळा. बोल्ट कणभर तिरका बसला तर दांडा वरच्या टोकाला दोन मि.मी. बाजूला जातो आणि भोकाला दोष लागतो. गुण्या झडपेच्या वरच्या कडेला नको, मधल्या उभ्या कडेला लावा. वरची कड बऱ्याचदा तिरकी तासलेली असते.

चौकटीवरचं भोक बोल्ट बसवून झाल्यावरच, ठिपका घेऊन आखायचं. आधी कधीच नाही. खालचं भोक लादीत पाडायचं असेल तर ड्रिलचा हातोडा बंद ठेवून लादी पार होऊ द्या, मग चालू करा, नाहीतर लादी तडकते. पितळी नळीचा तुकडा त्यात बसवला तर कडा ढासळत नाहीत.

स्थिर झडप वर-खाली घट्ट झाली की मगच कडी. दोन्ही झडपा खाचेत दाबून धरा, कडी पुढे सरकवून तिच्या टोकाने कोयंड्याची जागा खुणावा. कोयंडा त्या खुणेपेक्षा केसभर आत ओढून बसवला तर कडी लावताना झडप खाचेवर दाबली जाते. केसभर म्हणजे अर्धा मि.मी. त्याहून जास्त ओढलात तर कडी लावायला जोर लागतो आणि स्क्रू हळूहळू उपटतात.

लाकूड फुगलं असेल तर

ठिपक्यांनी फुगवटा दाखवला, तर शक्यतो रंधा मारू नका. जुलैत रंधा मारलेल्या दारात जानेवारीत बोटभर फट दिसते, आणि तिथून पाल, धूळ, डास सगळं आत येतं. मधल्या कडा घासत असतील तर सध्यापुरतं त्यांना मेणबत्ती घासा. भोक लांबट करा आणि नोव्हेंबरपर्यंत थांबा.

पाणी कुठून आत जातंय ते मात्र आत्ताच बघता येतं. मोबाइल झडपेच्या वर धरून वरच्या कडेचा फोटो काढा. बहुतेक वेळा तिथे कोरं लाकूड दिसेल. खालच्या कडेचंही तेच. रंगारी समोरचं रंगवतो आणि या दोन कडा राहून जातात. उभ्या पट्ट्यांच्या टोकांना लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथून पाणी सगळ्यात वेगाने शोषलं जातं. लाकूड कोरडं झाल्यावर या दोन्ही कडांना प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या. ओल्या लाकडावर दिलात तर पाणी आत कोंडलं जातं आणि रंग फुगून सुटतो. त्यानंतरही नोव्हेंबरात कडा घासत असतील तर रंधा मारायला हरकत नाही, पण चालत्या झडपेच्या कडेवरूनच, आणि एका वेळी कागदाइतका पापुद्रा.

इथे थांबा, माणूस बोलवा

चौकटीत स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाताच्या जोराने घुसत असेल, किंवा चौकटीवर आणि जवळच्या भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसत असतील, तर वाळवी लागली आहे किंवा लाकूड कुजलं आहे. बोल्ट बसवण्यात अर्थ नाही. वाळवी असेल तर आधी वाळवीवाला, मग सुतार.

ओळंबा सोडून बघा. चौकटीची उभी बाजू सात फुटांत पाच-सहा मि.मी.हून जास्त कलली असेल, किंवा दारावरच्या भिंतीत तिरकी चीर असेल, तर दोष दाराचा नाही, भिंत बसली आहे. याला गवंडी लागतो. चिऱ्याच्या जुन्या घरात चौकट काढण्याआधी वरच्या भाराला टेकू द्यावा लागतो, ते एकट्याने करायचं काम नव्हे.

झडपेच्या कोपऱ्यातला सांधा उघडला असेल, म्हणजे आडवी पट्टी उभ्या पट्टीपासून सुटून काळी रेघ दिसत असेल, तर बिजागरी घट्ट करूनही झडप खाली बसतच राहील. ती उतरवून सांधा पुन्हा चेपावा लागतो. काच असलेली, कोरीव किंवा सगळी झडप सागवानी फळ्यांची असेल तर ती उतरवण्यासाठीही दोन माणसं आणि सुतारच हवा. झडप पिळली असेल तरी तेच. चौकटीची खाच पिळाप्रमाणे तासून घेता येते, पण ते डोळ्याचं काम आहे.

शिवाय हे घराचं मुख्य दार असेल आणि संध्याकाळ झाली असेल, तर बिजागरी सोडू नका. गोंद वाळेपर्यंत दार रात्रभर उघडं राहील. सुताराला बोलवाल तेव्हा त्याला दोन ठिपक्यांची मापं आणि वरच्या कडेचा फोटो दाखवा. ती बघून तो पटाशी आणायची की खुंटीचं लाकूड, हे घरूनच ठरवून येईल.